मशीनला संरक्षण नाही पण पत्रकाला आहे, असं कसं? पेटंट आणि कॉपीराइटचा हिशोब

माझ्या मामांचं सांगलीजवळ एक छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ, एक वेल्डिंग सेट आणि पत्र्याचं शेड. हळद शिजवायची मशीन ते बनवतात. पूर्वी हळद काहिलीत शिजवायचे, आता बहुतेक ठिकाणी वाफेवर ड्रममध्ये शिजवतात, आणि मामांनी त्यात स्वतःचं डोकं लावून ड्रम कलता केला, म्हणजे शिजलेली हळद फावड्याने ओढायला लागत नाही, दांडा ओढला की ड्रम वाकतो आणि हळद खाली पडते. 2021 च्या जानेवारीत तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात त्यांनी हे मशीन मांडलं, व्हिडिओ काढून सगळ्या ग्रुपवर टाकला, चार मशीनं विकली पण. एक सुंदर पत्रक छापलं होतं, मशीन कसं चालतं, किती वेळ वाफ द्यायची, हळद शिजली की नाही हे कसं ओळखायचं, सगळं त्यात होतं.

पुढच्या वर्षी हंगामात शेजारच्या जिल्ह्यातल्या एकाने सेम मशीन बाजारात आणलं. ड्रम तोच, दांडा तसाच. आणि सोबत पत्रक पण तेच, अक्षरशः तेच, आमच्या पत्रकात 'हळकुंड' चुकून 'हळकूंड' छापलं गेलं होतं ती चूक सुद्धा त्यांच्या पत्रकात जशीच्या तशी.

मामा भयंकर चिडले. मी त्यांना घेऊन पुण्यात एका पेटंट एजंटकडे गेलो, आणि तिथे जे ऐकलं ते आम्हाला दोघांनाही पहिल्यांदा पटेचना. एजंट म्हणाले, मशीनच्या बाबतीत तुम्हाला काहीच करता येणार नाही, पण पत्रकाबद्दल नोटीस पाठवता येईल. म्हणजे ज्याच्यासाठी दोन वर्षं खपले ते मोकळं, आणि जे दोन संध्याकाळी बसून लिहिलं ते सुरक्षित? तर हे असं का आहे तेच आज नीट लिहितो, कारण आपल्याकडे किती तरी जण 'मी त्याचं पेटंट घेतो' आणि 'कॉपीराइट घेतो' हे एकाच अर्थाने बोलतात, आणि नुकसान झाल्यावर कळतं की दोन्हीत जमीन अस्मानाचा फरक आहे.

मूळ मुद्दा असा की पेटंट हे 'वस्तू कशी चालते' याला मिळतं आणि कॉपीराइट हे 'तुम्ही ते कसं मांडलं' याला मिळतं. मामांच्या ड्रमची कलती रचना ही युक्ती आहे, ती पेटंटच्या खात्यात जाते. पत्रकातली वाक्यं, त्यातलं चित्र, व्हिडिओ ही मांडणी आहे, ती कॉपीराइटच्या खात्यात. उद्या कुणी आमचं पत्रक वाचून त्यातली पद्धत समजून घेतली आणि स्वतःच्या शब्दांत वेगळं पत्रक लिहिलं तर कॉपीराइट त्याला अडवू शकत नाही, कारण पद्धत कुणाचीच नसते, शब्द असतात. पाककृतीच्या पुस्तकाचं पण हेच आहे, पुस्तकातला मजकूर उचलून छापला तर गुन्हा, पण त्यातलं वाचून तुम्ही आमटी केली आणि खानावळीत विकली तर कुणी काही म्हणू शकत नाही.

मामांनी विचारलं, अहो पण मशीनचं ड्रॉइंग मी काढलंय की, मापं टाकून, ते माझंच आहे ना? चांगला प्रश्न होता. ड्रॉइंगला कॉपीराइट आहे, ते झेरॉक्स करून छापायला बंदी. पण ते ड्रॉइंग समोर ठेवून कुणी प्रत्यक्ष यंत्राचा निव्वळ कामाचा भाग बनवला तर कॉपीराइट कायद्यानुसार तो भंगच नाही, 2012 च्या दुरुस्तीत हे स्पष्ट लिहिलंय, कलम 52 मध्ये. म्हणजे यंत्र वाचवायचं तर पेटंटच लागतं, ड्रॉइंगच्या आडून वाचवता येत नाही.

मग मशीनचं पेटंट का नाही मिळणार? कारण मामांनी ते जगाला आधीच दाखवलं. पेटंटची पहिली अट म्हणजे ती गोष्ट अर्जाच्या तारखेला नवीन पाहिजे, आणि नवीन म्हणजे जगात कुठेही आधी छापलेली, दाखवलेली, विकलेली नको. इथे स्वतः शोधणाऱ्याने दाखवलं असेल तरी तेच लागू. केंद्र सरकारने खास जाहीर केलेल्या प्रदर्शनात मांडलं असेल तर 12 महिन्यांची सवलत मिळते, पण तालुक्याचं कृषी प्रदर्शन त्यात बसत नाही, आणि चार गिऱ्हाइकांना विकलेली मशीनं तर नाहीच नाही. म्हणजे 2021 च्या जानेवारीत ज्या दिवशी मामांनी अभिमानाने दांडा ओढून लोकांना दाखवला त्याच दिवशी त्या रचनेचं पेटंट संपलं होतं, फक्त आम्हाला माहीत नव्हतं.

हे ऐकून वाईट वाटतं पण हाच नियम एकदा आपल्या हळदीच्या बाजूने उभा राहिला होता, आणि ती गोष्ट एजंटनीच मामांना सांगितली. 1995 मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं होतं. हो, हळद लावून जखम बरी करणं, जे आपल्याकडे प्रत्येक आजीला माहीत आहे. तेव्हा सीएसआयआर या आपल्या सरकारी विज्ञान संशोधन संस्थेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, मूळचे गोव्यातल्या माशेलचे, त्यांनी हे पेटंट फेरतपासणीला लावलं. आता इथे लक्षात घ्या, 'आमच्या आजीला माहीत होतं' हे अमेरिकन ऑफिसात चालत नाही, लेखी पुरावा लागतो. सीएसआयआरने 32 संदर्भ दिले, त्यात जुने संस्कृत ग्रंथ होते आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला 1953 चा एक लेख होता. 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं, कारण सिद्ध झालं की यात नवीन काही नाही. जगाला आधीच माहीत असलेल्या गोष्टीवर कुणी कुंपण घालू शकत नाही, मग ते अमेरिकेतलं विद्यापीठ असो की सांगलीतले माझे मामा.

एवढं ऐकून मामा गप्प बसले, आणि मग हळूच म्हणाले, पण मी अजून एक केलंय, ते कुणाला दाखवलेलं नाही.

झालं असं होतं की जोडीला दोन ड्रम लावले की एकातली हळद काढताना त्याची वाफ बंद करून दुसऱ्याची चालू करायला माणूस लागतो, आणि तो विसरला की वाफ अंगावर येते. मामांनी ड्रमच्या कण्यावरच एक पट्टी बसवली, ड्रम कलला की त्याच पट्टीने त्याचा कॉक बंद होतो आणि शेजारच्या ड्रमचा उघडतो. हे मशीन अजून शेडमध्येच होतं. एजंटनी आधी सर्च केला. दोन ड्रम आणि मधे व्हॉल्व हे जुनंच निघालं, पण कलण्याच्या हालचालीनेच कॉक फिरणं हे कुठे सापडलं नाही, शिवाय हे त्या धंद्यातल्या कुणालाही सहज सुचेल असंही नव्हतं, आणि ही पेटंटची दुसरी मोठी अट आहे, नुसतं नवीन असून भागत नाही.

12 जून 2023 ला आम्ही प्रोव्हिजनल अर्ज केला. प्रोव्हिजनल म्हणजे जागा धरून ठेवणं, युक्ती काय आहे ते लिहून द्यायचं आणि तारीख मिळवायची, मग 12 महिन्यांच्या आत पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे युक्तीचं सविस्तर लेखी वर्णन, द्यायचं, नाही दिलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी 1600 रुपये आहे आणि तपासणीची मागणी करायची फी 4000, एजंटचे पैसे वेगळे. आमचं पूर्ण स्पेसिफिकेशन 2024 च्या मे मध्ये गेलं.

त्यात सगळ्यात महत्त्वाचा भाग असतो शेवटचे क्लेम. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात ना, पूर्वेला अमुक, पश्चिमेला ओढा, क्लेम म्हणजे तेच. मामांनी पहिल्यांदा लिहून आणलं होतं 'लोखंडी पट्टीने फिरणारा पितळी कॉक'. एजंटनी ते लगेच बदललं, म्हणाले असं लिहिलं तर उद्या कुणी स्टीलचा कॉक लावेल आणि तुमच्या हद्दीबाहेर बसेल. उलट फार मोठी हद्द मागितली, म्हणजे 'ड्रमची वाफ आपोआप बंद होण्याची कोणतीही रचना', तर त्यात जुन्या गोष्टी पण येतात आणि तपासनीस अर्ज अडवतो. त्या मधली ओळ काढणं हे खरं कौशल्याचं काम आहे, माझ्या मते एजंटला पैसे द्यायचे ते यासाठीच.

आता किती वर्षं? पेटंट 20 वर्षं, आणि ही 20 वर्षं अर्जाच्या तारखेपासून मोजतात, मंजुरीच्या नाही. आमच्या बाबतीत प्रोव्हिजनलची तारीख धरतात, म्हणजे 12 जून 2043 पर्यंत. मंजुरीला पाच वर्षं लागली तर हातात पंधराच उरतात, वाढवून मिळत नाहीत. 18 महिने झाले की अर्ज पेटंट जर्नलमध्ये छापून येतो, आमचा डिसेंबर 2024 मध्ये आला, म्हणजे आता मामांची युक्ती कुणीही वाचू शकतो. मामांना हे फार खटकलं, पण पेटंटचा सौदाच असा आहे, तुम्ही सगळं उघड करून सांगा, बदल्यात आम्ही 20 वर्षं इतरांना अडवू, नंतर ते सगळ्यांचं. अर्ज चालू असताना कोर्टात जाता येत नाही, मंजुरी मिळाल्यावरच जाता येतं, पण भरपाई मात्र छापून आलेल्या दिवसापासूनची मागता येते. आणि मंजुरीच्या आधी मशीनवर 'पेटंटेड' असं रंगवू नका, त्याला दंड होतो. मामांच्या पेंटरने उत्साहात रंगवलं होतं, आम्ही ते पुसायला लावलं, अर्ज केलाय एवढंच लिहिता येतं.

अजून एक, 20 वर्षं आपोआप मिळत नाहीत. तिसऱ्या वर्षापासून दरवर्षाची फी भरावी लागते. एकट्या माणसाला सध्याच्या दराने तिसऱ्या ते सहाव्या वर्षासाठी दरसाल 800 रुपये, सातव्या ते दहाव्याला 2400, अकराव्या ते पंधराव्याला 4800, आणि शेवटची पाच वर्षं 8000. सगळी मिळून 76,800 होतात. मुद्दाम चढती ठेवलीय, म्हणजे ज्या पेटंटातून कमाई होत नाही ते मालक स्वतःच सोडून देतो आणि युक्ती लवकर मोकळी होते. तारीख चुकली तर दंड भरून सहा महिन्यांची मुदत मिळते, ती पण गेली की पेटंट मेलं. त्यानंतर परत जिवंत करायला 18 महिन्यांच्या आत अर्ज करता येतो पण का चुकलं याचं कारण पटवून द्यावं लागतं. आणि हे सगळं फक्त भारतापुरतं. बांगलादेशात कुणी हे मशीन बनवून तिथेच विकलं तर आमचं पेटंट तिथे लागू नाही, परदेशात हवं असेल तर पहिल्या अर्जापासून 12 महिन्यांत हालचाल करावी लागते, आम्ही केली नाही, तेवढा खर्च झेपणारा नव्हता.

आता पत्रकाकडे या. तिथे काय करावं लागलं? काहीच नाही. लिहिलं त्या क्षणी कॉपीराइट तयार होतो, अर्ज नको, फी नको, नोंदणी ऐच्छिक आहे, केली तर पुरावा म्हणून बरी पडते. बर्न करार नावाचा कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यातल्या सगळ्या देशांत तो मानला जातो. आणि मुदत ऐकून मामा उडालेच: लेखक जिवंत असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं.

ही 60 वर्षं मृत्यूच्या तारखेपासून नाही तर पुढच्या 1 जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी 11 जून 1950 ला गेले, मोजणी 1 जानेवारी 1951 पासून, म्हणजे 31 डिसेंबर 2010 ला संपली. 2011 पासून त्यांची हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तकं कुणीही छापू शकतो, म्हणून तर इतक्या प्रकाशकांच्या आवृत्त्या दिसतात. बहिणाबाई चौधरींचं जरा वेगळं आहे. त्या डिसेंबर 1951 मध्ये गेल्या आणि त्यांच्या कवितांचं पुस्तक 1952 मध्ये आलं. लेखकाच्या मृत्यूनंतर जे पहिल्यांदा प्रसिद्ध होतं त्याची 60 वर्षं प्रकाशनापासून धरतात, म्हणजे त्या कविता 2011 च्या नाही तर 2012 च्या अखेरीला मोकळ्या झाल्या. पण कुणी आज त्या कवितांवर लिहिलेली टीप, किंवा नवीन लावलेली चाल, ती त्या माणसाची, तिची मुदत वेगळी चालते. जुनं पुस्तक मोकळं झालं म्हणजे त्याच्या नव्या आवृत्तीची प्रस्तावना आणि मुखपृष्ठ पण मोकळं झालं असं नाही, इथे बरेच जण फसतात.

पूर्वी ही मुदत 60 नाही 50 होती. रवींद्रनाथ टागोर 1941 ला गेले, त्यांचं साहित्य 1991 अखेर मोकळं होणार होतं, त्यांनीच उभारलेल्या विश्वभारती विद्यापीठाकडे त्याचे हक्क होते, तेव्हा कायद्यात दुरुस्ती होऊन सगळ्यांसाठीच दहा वर्षं वाढली. मला स्वतःला ही मुदत फार लांब वाटते, कारण अनेक मराठी लेखकांची पुस्तकं ना कुणी छापत, ना वारस सापडतात, आणि तरी 60 वर्षं कुणाला हात लावता येत नाही. पण पेटंटपेक्षा ती लांब ठेवण्यामागचा विचार कळतो. कॉपीराइट फक्त तुमचे शब्द अडवतो, विषय अडवत नाही, हळद शिजवण्यावर हजार पत्रकं निघू शकतात. पेटंट मात्र युक्तीच अडवतं, दुसऱ्याने स्वतःच्या डोक्याने तीच शोधून काढली तरी त्याला थांबावं लागतं. इतका जड अधिकार 80-100 वर्षं दिला असता तर अर्धं जग जुन्या यंत्रांवर अडकून पडलं असतं.

फिल्म आणि रेकॉर्डिंगला मात्र माणसाचं आयुष्य धरत नाहीत, प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं. म्हणजे मामांचा तो प्रदर्शनातला व्हिडिओ 2021 चा, तो 2081 च्या अखेरपर्यंत त्यांचा. ज्या मशीनचा व्हिडिओ आहे ते मशीन कधीच मोकळं झालेलं, आणि व्हिडिओ मात्र 2081 पर्यंत बंद.

पत्रकाच्या नोटिशीत मात्र एक अडचण निघाली. एजंटनी विचारलं, पत्रक लिहिलं कुणी? मामांना वाटत होतं पैसे आपण दिले म्हणजे पत्रक आपलं. पण लिहिलं होतं गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी, मामा त्यांचेच विद्यार्थी, दोन हजार रुपये मानधन दिलं होतं. कायद्यात गंमत अशी की पैसे देऊन फोटो काढून घेतला किंवा व्हिडिओ करून घेतला तर, उलट काही ठरलं नसेल तर, मालक पैसे देणारा. नोकरीतल्या माणसाने कामाचा भाग म्हणून लिहिलं तर मालक नोकरी देणारा. पण बाहेरच्या माणसाकडून मजकूर लिहून घेतला तर मालक लिहिणाराच राहतो, जोपर्यंत तो लेखी हस्तांतर करत नाही. म्हणजे फोटो मामांचे, शब्द गुरुजींचे.

आम्ही गुरुजींकडे गेलो. ते म्हणाले, अरे त्यात काय, घे की तुला. पण तोंडी चालत नाही, कागद सही केलेला लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आम्ही कागदावर 'कॉपीराइटची संपूर्ण मुदत, संपूर्ण जग' असं लिहून घेतलं, मोबदला लिहिला, गुरुजींनी चष्मा लावून दोनदा वाचलं, 'हळकूंड' दुरुस्त करायला सांगितलं आणि सही केली. मुदत तरी गुरुजींच्याच आयुष्यावरून मोजली जाणार, मामांच्या नाही, हक्क विकला तरी घड्याळ लिहिणाऱ्याचंच चालतं.

नोटीस गेल्यावर महिन्याभरात समोरच्याने पत्रक मागे घेतलं. मशीन अजून विकतोय, ते त्याला विकता येतं. मामांच्या कॉकच्या अर्जावर तपासणी अहवाल आला, दोन जुनी पेटंट दाखवून हरकत घेतली होती, आम्ही क्लेम थोडा आवळून उत्तर दिलंय. त्यातलं एक पेटंट मामांनी मुळातून वाचलं, मुदत संपलेलं होतं, म्हणजे कुणीही वापरू शकतो. पेटंट ऑफिसच्या InPASS या वेबसाइटवर नंबर टाकला की चालू आहे की बंद हे दिसतं. त्यात ड्रमच्या तळाला वाफ सारखी पसरवायची एक जाळी होती, ती मामांनी या हंगामात बसवून बघितली, आणि तळाची हळद आता वरच्यासारखीच एकसारखी शिजते.